नातवाला दहा लाख, पण पदवी मिळाली तर

भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 सालचा. त्यात नियमांसोबत छोटी छोटी उदाहरणे दिलेली आहेत आणि त्यांतले एक वाचणाऱ्याला थबकायला लावते. एका माणसाने आपली मालमत्ता दुसऱ्याला ठेवली आहे. अट एवढीच, की त्याने एका तासात शंभर मैल चालून दाखवावे. कायदा म्हणतो, ही अट कोणालाही पाळता येणार नाही, म्हणून हे दानच रद्द. त्या माणसाला काही मिळणार नाही.

आणखी सात कलमे पुढे गेले की तीच चाल पुन्हा भेटते. या वेळी मालमत्ता आधी त्या माणसाला हयातभरासाठी दिली आहे आणि पुढे म्हटले आहे, की ठरलेल्या दिवशी तो तासात शंभर मैल चालला नाही, तर ती दुसऱ्याकडे जाईल. इथे कायदा उलट सांगतो. अट निरर्थक आहे, म्हणून ती गळून पडते आणि मालमत्ता पहिल्याकडेच राहते. अट तीच, पाय तेच. पण एकदा अट दानाच्या आधी उभी होती आणि एकदा दानाच्या मागून आली, एवढ्याने एकाच्या हाती काहीच राहिले नाही आणि दुसऱ्याच्या हाती सगळे राहिले.

तासात शंभर मैल चालायची अट आपल्याकडे कोणी घालत नाही. आपल्याकडची मृत्युपत्रे म्हणतात, ‘नातीच्या लग्नात तिला पाच लाख द्यावेत’, ‘नातू पदवीधर झाल्यावर त्याला दहा लाख द्यावेत’, ‘घरच्यांच्या संमतीने लग्न केल्यास वरचा मजला तिचा’. यामागे माया असते आणि थोडी काळजीही. कोवळ्या वयात हाती आलेला पैसा उडून जाऊ नये, पोराने शिक्षण पुरे करावे, पोरीच्या लग्नात तिच्या आईबापांना कर्ज काढावे लागू नये. ही इच्छा एका ओळीत लिहिली जाते. नातू पदवीधर झालाच नाही तर काय, हे मात्र त्या ओळीत बहुतेक वेळा नसते.

एक कुटुंब कल्पनेने समोर ठेवू. सांगलीकडचे एक आजोबा, पत्नी आधीच गेलेली, मागे एक मुलगा आणि दोन विवाहित मुली. मृत्युपत्रात आजोबांनी लिहिले, ‘माझ्या थोरल्या मुलीचा मुलगा पदवीधर झाल्यावर त्यास दहा लाख रुपये द्यावेत. बाकी सर्व मिळकत माझ्या मुलास.’ आजोबा वारले तेव्हा नातू चौदा वर्षांचा होता. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षात असताना, विसाव्या वर्षी, अपघातात गेला. लग्न झालेले नव्हते. आता ते दहा लाख कोणाचे?

नातवाच्या आईला वाटते, बाबांनी ते माझ्या मुलाला दिले होते, तेव्हा ते त्याच्या मागे मला मिळावेत. मामाला वाटते, भाचा पदवीधर झालाच नाही, म्हणजे पैसे त्याचे कधी झालेच नाहीत. ते बाकीच्या मिळकतीत आले आणि बाकीची मिळकत बाबांनी मला दिली आहे. दोघांच्याही म्हणण्याला कायद्यात आधार सापडतो. कोणाचा आधार टिकेल हे त्या एका ओळीतल्या शब्दांच्या क्रमावर ठरते.

कायदा विचारतो तो पहिला प्रश्न असा, की अट दानाला आहे की फक्त पैसे हाती देण्याच्या वेळेला? कलम 119 मधले उदाहरण आहे, एकाला शंभर रुपये दिले आणि ते तो अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या हाती द्यावेत असे लिहिले. इथे रुपये मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूच्या क्षणीच त्याचे झाले. हाती यायला वेळ आहे इतकेच. तो सतराव्या वर्षी वारला, तरी ते त्याच्या वारसांना मिळतात. वकिली भाषेत याला हक्क निहित झाला असे म्हणतात.

लगेच पुढच्या कलमात दुसरे उदाहरण येते. एकाला ‘तो अठरा वर्षांचा झाल्यास’ किंवा ‘तो अठरा वर्षांचा होईल तेव्हा’ काही रक्कम ठेवली. इथे हक्क त्या घटनेवर टांगलेला आहे. घटना घडेपर्यंत त्याचे काही नाही. तो आधीच वारला तर त्याच्या वारसांनाही काही नाही. ‘अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला शंभर रुपये’ आणि ‘त्याला शंभर रुपये, ते अठरा वर्षांचा झाल्यावर द्यावेत’ ही दोन वाक्ये घरातल्या बोलण्यात एकच असतात. न्यायालयात ती दोन वेगळ्या माणसांना पैसे देतात.

सांगलीच्या आजोबांचे वाक्य दुसऱ्या प्रकारात बसते. ‘पदवीधर झाल्यावर त्यास द्यावेत’ यात आधी दान आणि मग वेळ असे काही नाही; सारे दानच पदवीवर टेकलेले आहे. शिवाय अठरावे वर्ष जगणाऱ्या प्रत्येकाला येते, पदवी येईलच असे नाही. म्हणून मामाची बाजू जड दिसते. आजोबांनी ‘माझ्या नातवाला मी दहा लाख रुपये देत आहे, ही रक्कम त्याचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत बँकेत ठेवावी’ असे लिहिले असते, तर आईची बाजू जड झाली असती. हक्क नातवाचा झाला असता आणि त्याच्या मागे तो हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या आईकडे गेला असता. इथे आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अविवाहित हिंदू मुलाच्या मागे पहिल्या वर्गातली वारस आई असते. वडील दुसऱ्या वर्गात येतात, म्हणजे आई हयात असताना त्यांना वाटा नाही. दहा लाखांतले सगळे दहा आईचे झाले असते.

न्यायालय एका ओळीवर थांबत नाही, सगळे मृत्युपत्र वाचते आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होते ते शोधते. वयाच्या बाबतीत तर कायद्याने एक खूण स्वतःच सांगून ठेवली आहे. अमुक वयाचा झाल्यावर रक्कम द्यायची आहे, पण तोवर तिचे व्याज त्याच्याच शिक्षणाला, खाण्यापिण्याला वापरावे असे लिहिले असेल, तर ती रक्कम पहिल्यापासून त्याची मानली जाते. व्याज ज्याला, त्याला मुद्दलही, असा सरळ हिशेब त्यामागे आहे. ही सवलत कायद्याने वयाच्या अटीला दिली आहे. पदवी किंवा लग्नाची अट असेल तर तिच्यावर विसंबून राहू नये.

याच्या उलट चूकही होते. ‘नातवाच्या उच्च शिक्षणासाठी पाच लाख’ असे लिहिले की आजोबांना वाटते, आपण अट घातली. कायद्याच्या दृष्टीने ही अटच नाही. रक्कम पूर्णपणे नातवाला दिली आणि ती कशावर खर्चावी हे फक्त सुचवले. सज्ञान नातू म्हणाला, मला शिकायचे नाही, रोख द्या, तर त्याला ती घेता येते. कायद्यातले उदाहरण गावाकडे घर घेण्यासाठी ठेवलेल्या पैशांचे आहे. घेणाऱ्याने घर न घेता पैसे मागितले तर ते त्याला मिळतात.

आता मामाच्या वकिलाच्या हाती असलेले सगळ्यात धारदार कलम. ते 124 क्रमांकाचे. एखादी अनिश्चित घटना घडल्यास दान द्यावे असे लिहिले आणि ती कधीपर्यंत घडावी हे लिहिले नाही, तर ती घटना रक्कम देण्याच्या किंवा वाटपाच्या वेळेआधीच घडली पाहिजे. नाहीतर दान लागू होत नाही. वाटपाची वेळ वेगळी सांगितली नसेल, तर ती मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूशी येऊन ठेपते.

हा नियम किती कडक आहे हे 1896 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नरेंद्रनाथ सरकार विरुद्ध कमलबासिनी दासी या बंगालमधल्या दाव्यात दाखवून दिले. बापाने तीन मुलांना सारखी मिळकत दिली होती आणि पुढे लिहिले होते, की त्यांच्यातला कोणी मुलगा नसताना वारला तर उरलेल्यांनी त्याचा वाटा घ्यावा. बापाच्या मृत्यूनंतर एक भाऊ तसा वारला. भावांनी ते वाक्य पुढे केले. पण कधीपर्यंत वारला तर, हे बापाने लिहिले नव्हते. न्यायाधीशांनी ठरवले, की ही घटना वाटपाच्या आधी घडली तरच ते वाक्य लागू झाले असते. बाप गेला तेव्हा मुलगा जिवंत होता, तेव्हाच त्याचा वाटा पक्का त्याचा झाला. निकाल मृत भावाच्या विधवेच्या बाजूने लागला. बापाला काय हवे होते हे वाचणाऱ्या कोणालाही कळले असते, तरी मुदत न लिहिल्याने ते पुरे झाले नाही.

हेच कलम सांगलीच्या नातवावर उलटू शकते, तो जिवंत असता तरीही. आजोबा गेले तेव्हा नातू चौदा वर्षांचा, पदवी दूर. समजा तो बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन मामाकडे गेला, तर मामा म्हणू शकतो, मुदत लिहिलेली नाही, वाटप केव्हाच झाले. नातवाचा वकील सांगेल, ‘पदवीधर झाल्यावर द्यावेत’ या शब्दांतच देण्याची वेळ आली आहे, आणि हे उत्तर बिनवजनाचे नाही. पण ज्या दहा लाखांसाठी नातवाला आपल्या मामाशी कोर्टात भांडावे लागते, त्यांतले किती त्याच्या हाती पडतात हे कोर्टाची पायरी चढलेल्या घरांना विचारावे. ‘वयाची 27 वर्षे पूर्ण होईपर्यंत’ एवढे शब्द लिहिले असते, तर हा वादच नव्हता.

मुदत लिहिली की तिची दुसरी बाजूही समजून घ्यावी लागते. मुदत म्हणजे मुदत. कलम 137 प्रमाणे ठरलेल्या वेळेत अट पुरी झालीच पाहिजे. सवलत फक्त एका कारणाला आहे, कोणी कपटाने अडथळा आणला असेल तर. 2020 साली कोरोनामुळे राज्यात शेवटच्या वर्षाच्या परीक्षा लांबल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 28 ऑगस्ट 2020 च्या निकालानंतर त्या शरद ऋतूत घ्याव्या लागल्या. एखाद्या मृत्युपत्रात ‘30 जून 2020 पर्यंत पदवी’ असे लिहिलेले असते, तर त्या पोराचा काहीही दोष नसताना त्याचे दान हुकले असते. महामारी हे कपट नव्हे. म्हणून मुदत सैल ठेवावी आणि ‘पदवी’ म्हणजे काय तेही लिहावे. शेवटच्या परीक्षेचा निकाल पुरे, की पदवीदान समारंभातले प्रमाणपत्र हवे? तंत्रनिकेतनातली पदविका चालेल का? नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पदवी चालेल का? शेवटच्या प्रश्नाला आजोबा नक्की ‘हो’ म्हणाले असते. पण ते सांगायला आजोबा नसतात, म्हणूनच मृत्युपत्र असते.

लग्नाच्या अटी याहून नाजूक असतात आणि इथे कायद्याने फार माणुसकीची भूमिका घेतली आहे. ‘चौघांच्या संमतीने लग्न केल्यास’ अशी अट घेऊ. कलम 128 मधले उदाहरण सांगते, की एकाने लेखी संमती दिली, दुसरा लग्नाला हजर राहिला, तिसऱ्याने आधी आहेर पाठवला, चौथ्याला आपण स्वतः जाऊन सांगितले आणि त्याने हरकत घेतली नाही. अट पुरी झाली. चौघांपैकी एखादा आधीच वारला असेल तर उरलेल्यांची संमती पुरते. होकार दिल्यानंतर कोणी केवळ लहरीने तो मागे घेतला, तरी पहिला होकार धरला जातो. पण सगळे हयात असताना दोघांनाच विचारून लग्न केले, किंवा आधी लग्न करून मग संमती मिळवली, तर अट पुरी होत नाही. लग्नानंतर पाया पडायला येणाऱ्या जोडप्याला आपण घरात घेतो, मृत्युपत्र मात्र घेत नाही.

आता तीच संमती उलट लिहिलेली पाहा. ‘नातीला घर, तिने मामाच्या संमतीशिवाय लग्न केल्यास घर दुसऱ्या नातीला.’ इथे घर पहिलीचे झालेलेच आहे आणि ते काढून घ्यायचे आहे. अशा वेळी कायदा काढून घेणाऱ्याच्या बाजूने अट अक्षरशः पुरी झाली आहे का ते पाहतो. तिने पहिले लग्न मामाच्या संमतीने केले, पुढे नवरा वारला आणि दुसरे लग्न तिने न विचारता केले, तर घर जात नाही. संमती देणाऱ्या तिघांपैकी एक वारला आणि मग तिने उरलेल्या दोघांना न विचारता लग्न केले, तरीही जात नाही. मिळवताना कायदा हात सैल ठेवतो, हिसकावताना घट्ट धरतो. जे दिले ते शक्यतो टिकावे, हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे आणि तो योग्यच आहे.

अट बेकायदा किंवा अनैतिक असेल, तर ती दानाच्या आधी उभी आहे की मागून आली आहे हा शंभर मैलांचा फरक पुन्हा लागू होतो. ‘सोळाव्या वर्षी लग्न केल्यास नातीला सोने’ ही अट बालविवाहाची आहे, म्हणून दानच रद्द. नातीला सोने मिळणार नाही. ‘नवरा सोडल्यास भाचीला पाच हजार’ हे तर कायद्यातलेच उदाहरण आहे आणि तेही रद्द आहे. पण मालमत्ता आधीच दिलेली असेल आणि नवरा सोडला नाही तर ती जाईल असे लिहिले असेल, तर अट गळते आणि मालमत्ता राहते.

धर्माबाहेर किंवा जातीबाहेर लग्न केल्यास काही नाही, अशा अटींचा प्रश्न जगभर न्यायालयांना छळतो. अमेरिकेत शिकागोचे दंतवैद्य मॅक्स फाइनबर्ग यांनी ठेवलेल्या व्यवस्थेत ज्यू धर्माबाहेर लग्न करणारा नातू मृत समजावा असे होते. पाच नातवंडांपैकी एकच त्या अटीत बसले. 2009 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने अट मान्य केली. कारण असे, की आजी वारली त्या दिवशी कोण कुठे लग्न करून आहे एवढेच पाहायचे होते. पैशांसाठी पुढे कोणाला नवरा किंवा बायको सोडायला भाग पाडले जात नव्हते. कायद्याने टिकली तरी ही अट चार नातवंडांना आजोबांकडून आलेले शेवटचे वाक्य ठरली, हे विसरता येत नाही.

अट पुरी होईपर्यंत पैसे कुठे असतात? मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या एक्झिक्युटरला ते बाजूला गुंतवून ठेवावेच लागतात असे नाही. बाकीच्या मिळकतीचा मालक पुरेसे तारण देत असेल, तर सगळी मिळकत त्याच्या हवाली करता येते. अट पुरी झाली की त्याने पैसे द्यायचे. सांगलीत तो मालक मामाच आहे. म्हणजे नातवाच्या पदवीवर ज्याचे नुकसान, त्याच्याच हाती पैसे. एक्झिक्युटर तिऱ्हाईत नेमावा आणि रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवावी असे लिहावे, ते याचसाठी.

‘बाकी मिळकत अमक्यास’ हे वाक्यच नसेल, तर अट हुकल्यावर रक्कम मृत्युपत्र नसल्यासारखी वाटली जाते. आपल्या आजोबांच्या घरात एक मुलगा आणि दोन मुली, प्रत्येकी एक तृतीयांश. आई किंवा बाप हयात असलेल्या नातवंडांना त्यात वाटा नाही. हे सारे हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांना लागू होते. मुस्लिम मृत्युपत्राला स्वतंत्र कायदा आहे आणि मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांश मिळकतच देता येते. गोव्यात वेगळा उत्तराधिकार कायदा आहे; तिथे अर्धी मिळकत मुलाबाळांसाठी राखीव असते, त्यामुळे अट घालायची ती उरलेल्या अर्ध्यावर.

आजोबांनी लिहायला हवे होते ते एवढेच: ‘माझ्या नातवाला मी दहा लाख रुपये देत आहे. ही रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत ठेवावी आणि तिचे व्याज त्याच्या शिक्षणावर खर्च करावे. कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत तो उत्तीर्ण झाल्यावर, किंवा त्याला 27 वर्षे पूर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, रक्कम त्याच्या हाती द्यावी. त्याआधी तो वारल्यास ती माझ्या थोरल्या मुलीस द्यावी.’ पदवी मिळाली नाही तर पैसे खरोखरच जाऊ द्यायचे असतील, तर ‘27 वर्षे पूर्ण होण्याआधी पदवी मिळाल्यासच’ असे लिहून, न मिळाल्यास ते कोणाकडे जातील त्याचे नाव लिहावे. दोन्ही चालते, मनात कोणते आहे ते आधी ठरवायला हवे.

ज्यांच्या कपाटात असे मृत्युपत्र आधीच आहे, त्यांनी ते सगळे नव्याने लिहायची गरज नाही. एका पानाचे पुरवणी मृत्युपत्र करून, दोन साक्षीदारांसमोर सही करून आणि त्यांच्या सह्या घेऊन ती ओळ दुरुस्त करता येते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे.